'सर'च्या घरी 'सिन्सिअरली' नांदत नाही

बनशंकरी सेकंड स्टेजला राहणारा माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी त्यानं इंटर्नशिपसाठी लिहिलेलं इंग्रजी पत्र माझ्यापुढे धरलं. "मावशी, फक्त स्पेलिंग बघ." स्पेलिंग ठीक होतं. पण वर 'डिअर सर ऑर मॅडम' आणि खाली 'युअर्स सिन्सिअरली'. मी म्हटलं, "तुझं डोकं एका पत्राचं आणि पाय दुसऱ्या पत्राचे आहेत." त्याला वाटलं, शेवटी काहीही लिहिलं तरी चालतं, सही महत्त्वाची.

ब्रिटिश पद्धतीत, म्हणजे आपल्याकडच्या शाळा-कचेऱ्यांतून चालत आलेल्या पद्धतीत, नियम साधा आहे. नाव न घेता 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' म्हटलं, तर शेवटी 'युअर्स फेथफुली'. नाव घेऊन 'डिअर मिस्टर अमुक' म्हटलं, तर 'युअर्स सिन्सिअरली'. लक्षात ठेवायची जुनी युक्ती अशी, की 'सर' आणि 'सिन्सिअरली' या दोन 'एस'ना एका पत्रात एकत्र आणायचं नाही.

भाच्यानं लगेच विचारलं, "पण का?" जुन्या इंग्रजी पत्रात शेवट एवढा आखूड नसे. 'महाराज, मी आहे आपला विश्वासू सेवक' अशा अर्थाचं अख्खं वाक्य असे आणि त्याखाली सही. ते झिजत झिजत दोन शब्दांवर आलं. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याच्या फक्त खुर्चीला लिहितो, त्याला निष्ठेची ग्वाही द्यायची, म्हणून फेथफुली. मनापासूनपणा, म्हणजे सिन्सिअरली, नावानं ओळखतो त्या माणसासाठी. आपण बरेचदा शेवटी 'थँकिंग यू' लिहून स्वल्पविराम देतो, तोही त्याच लांब वाक्याचा उरलेला तुकडा. 'आपले आभार मानत, मी आहे आपला विश्वासू' यातला मधला भाग गळाला आणि तुकडा तसाच लोंबकळत राहिला. मी तरी तो लिहीत नाही. आभार मानायचे तर पूर्ण वाक्यात मानावेत.

हे ऐकून भाचा म्हणाला, "इंग्रजांच्याच भानगडी." तिथे मात्र मला थांबवेना. आपल्या मराठी पत्रात हे जास्तच काटेकोर होतं. पेशवाईतली पत्रं काढून बघा. धन्याला लिहिताना सुरुवातीला 'विज्ञापना' आली, की शेवटही 'हे विज्ञापना'. बरोबरीच्या माणसाला 'विनंती उपरी' म्हणून सुरुवात केली, की शेवटी 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती'. आशीर्वादानं सुरू झालेलं पत्र 'हे आशीर्वाद' म्हणून संपे. वरचा शब्दच खाली परत येई, त्यामुळे चुकायला जागाच नसे. माझ्या आजीच्या पोस्टकार्डांपर्यंत हे टिकलं होतं. वडिलांना 'तीर्थरूप' आणि 'शि. सा. न. वि. वि.', म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. परक्याला नुसतं 'सा. न. वि. वि.' आणि शेवटी 'कळावे, लोभ असावा, ही विनंती'. नातवंडांना 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद'. तिनं मला चुकूनही कधी 'आपली नम्र' म्हणून सही केली नसती. मायना बघितला की सही कशी असणार हे कळायचं.

समोरच्या फ्लॅटमधल्या आजोबांनी तेवढ्यात चहा घेता घेता भर घातली. ते केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या कचेरीत साधं सरकारी पत्र 'सर' या एका शब्दानं सुरू होई आणि 'युअर्स फेथफुली'नं संपे. तोच अधिकारी तीच गोष्ट दुसऱ्या अधिकाऱ्याला नावानं लिहू लागला, की ते अर्धशासकीय पत्र, म्हणजे डी. ओ. झालं. मग 'डिअर श्री अमुक' आणि शेवटी 'युअर्स सिन्सिअरली'. ऑफिस मेमोरँडममध्ये तर मायनाही नाही आणि हे शेवटचे शब्दही नाहीत, नुसती सही आणि हुद्दा. आजोबा म्हणाले, फाइल अडकली की ते डी. ओ. पाठवत, कारण नाव घेतलं की समोरच्याला उत्तर देणं टाळता येत नाही. कन्नडमध्येही अनोळखी माणसाला 'मान्यरे' लिहून शेवटी 'इंती निम्म विश्वासी' करतात, असं त्यांनी सांगितलं. आपला 'आपला विश्वासू' आणि त्यांचा 'विश्वासी', दोन्ही त्या फेथफुलीचेच भाऊ.

मग आम्ही पत्राकडे वळलो. ते कोणाकडे जाणार, हे भाच्याला ठाऊक होतं. कंपनीच्या पानावर त्या विभागप्रमुखांचं नाव होतं, तरी यानं सर-मॅडम केलं होतं. नाव माहीत असताना ते न घेणं म्हणजे शंभर ठिकाणी एकच पत्र पाठवल्यासारखं दिसतं. पण इथे कर्नाटकात एक गोची आहे. आपल्याला शेवटी आडनाव शोधायची सवय. समजा, नाव एच. एन. सुरेश असं आहे. इथे सुरेश हे आडनाव नव्हे, ते त्यांचंच नाव. पुढची अक्षरं बहुतेक वेळा गावाची आणि वडिलांच्या नावाची असतात. म्हणून 'डिअर मिस्टर सुरेश'. 'डिअर मिस्टर एच. एन.' लिहिलं तर वाचणारा हसेल. आणि किरण किंवा शशी असं नाव असेल, बाई की बुवा कळत नसेल, तर मिस्टर-मिस काहीच न लावता पूर्ण नाव लिहावं. नाव घेतलंय, म्हणून शेवट सिन्सिअरलीच.

'रिस्पेक्टेड सर' हा आपल्याकडचा लाडका मायना. इंग्लंडमध्ये तो सहसा दिसत नाही, पण इथे कोणी खटकून घेत नाही. त्यातही नाव नाही, म्हणून शेवट फेथफुलीच राहतो. अमेरिकन कंपनीला लिहीत असाल, तर हा सगळा भेदच सोडून द्या. तिकडे सरला काय आणि नावाला काय, नुसतं 'सिन्सिअरली' पुरतं. ई-मेलमध्ये 'हाय' म्हणून सुरुवात केली असेल, तर फेथफुली लग्नातल्या शालूसारखं वाटतं. तिथे 'रिगार्ड्स' बरं.

लिहिताना दोन चुका सारख्या दिसतात. 'युअर्स'मध्ये एसच्या आधी वरचा स्वल्पविराम नाही, आणि दुसरा शब्द छोट्या अक्षरानं सुरू होतो. भाच्याच्या पत्रात दोन्ही बरोबर होतं, हे त्याच्या बाजूनं नोंदवते.

आम्ही वर नाव टाकलं, खाली सिन्सिअरली तसंच ठेवलं आणि पत्र गेलं. बुधवारी उत्तर आलं. त्यात त्याला नुसत्या पहिल्या नावानं हाक मारली होती आणि शेवटी 'रिगार्ड्स' होतं. भाच्यानं विचारलं, "आता मीही त्यांना नुसत्या नावानं हाक मारू?" मी म्हटलं, मिस्टर अजून राहू दे, तू वयानं आणि हुद्द्यानं लहान आहेस. शेवट मात्र त्यांनी केलाय तसा करायला हरकत नाही.