माईंची वाटी

भांडी घासण्याचे यंत्र घरात आले, त्या दिवशी माईंनी एवढेच म्हटले, "पाणी शिंपडून कुठे भांडी निघतात होय?" आणि पहिल्याच खेपेने त्यांची बाजू पक्की केली. चिरंजीवांनी वाट्या एकीत एक बसवल्या होत्या, पातेले उताणे ठेवले होते आणि उलथन्याचा दांडा खालच्या फिरत्या पात्याला अडवून बसला होता. पातेल्यात गढूळ पाणी साचले, वाट्या तुपकट राहिल्या. माईंनी वाटीत बोट फिरवून ते सुनेपुढे धरले. सून काहीच बोलली नाही. पुढे सहा महिने यंत्रावर ओला टॉवेल वाळत होता.

मग गौरी आल्या. जेवणाच्या दिवशी पानावर बावीस माणसे, पुरणपोळी, कटाची आमटी आणि वाटी-वाटी तूप. भांडीवाल्या बाईंच्या घरीही गौरी; त्या येणार नव्हत्या. माईंनी पदर खोचला खरा, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

"माई, तुम्ही नुसत्या बसा आणि बघा," सून म्हणाली.

तिने उष्टे खरवडून टाकले, पण ताटे विसळली नाहीत. ताटे अंतर राखून उभी केली, वाट्या पालथ्या आणि किंचित कलत्या ठेवल्या. मग पाते हाताने एक फेरा फिरवून पाहिले. कुठे अडले नाही. तळाला पुरण लागलेले पातेले मात्र तिने बाहेरच भिजत घातले.

"ते का नाही?"

"लागलेलं त्याला निघत नाही. पाणी पोचेल तिथलंच ते धुतं."

तिने कप्प्यात पावडर घातली आणि सत्तर अंशांची कळ दाबली.

"सत्तर म्हणजे किती गं?"

"हात घालवणार नाही इतकं कढत, माई."

माई थोडा वेळ गप्प राहिल्या. तुपाचे भांडे गार पाण्याने निघत नाही, त्यावर आधी कढत पाणी ओतावे लागते, हे त्यांनीच या सुनेला लग्नानंतरच्या पहिल्या सणाला शिकवले होते.

दोन-अडीच तासांनी यंत्र थांबले. वाफ निवल्यावर माईंनी नेमकी तुपाची वाटी उचलली, उजेडात धरली आणि आतून अंगठा फिरवला. वाटी करकर वाजली. त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली.

"माझंच शास्त्र चोरलंय मेल्याने!" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेत सुनेने पितळी समया उचलल्या, तेव्हा मात्र माईंनी हात धरला. "पावडरीने काळ्या पडतील. चिंच आण, त्या माझ्याकडे."

रात्री चिरंजीव उलथने घेऊन यंत्राकडे वळले. माई आतूनच ओरडल्या, "अरे, ते आडवं ठेव वरच्या खणात! पातं अडेल!"

सुनेने यंत्रावरचा टॉवेल उचलून दोरीवर टाकला.