डोळे पिवळे झालेत, पण कशामुळे?

घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले की सगळे विचारतात, ‘कावीळ झाली का?’ उत्तर ‘हो’ आलं की हळद आणि तेल बंद होतं, उसाचा रस सुरू होतो आणि काविळीची माळ देणाऱ्याचा पत्ता शोधला जातो. ‘कशामुळे झाली?’ हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण कावीळ हा तापासारखाच एक इशारा आहे. मूळ दुखणं रक्तात असू शकतं, लिव्हरमध्ये असू शकतं किंवा पित्त वाहून नेणाऱ्या नळीत. तिन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत.

आधी हा पिवळा रंग येतो कुठून ते पाहू. आपल्या लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात. म्हाताऱ्या पेशी मोडल्या की त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. ते सुरुवातीला पाण्यात विरघळत नाही, म्हणून किडनी त्याला लघवीतून बाहेर टाकू शकत नाही. लिव्हर त्यावर प्रक्रिया करून ते विरघळणारं बनवतं आणि पित्तात मिसळतं. पित्त नळीतून आतड्यात उतरतं आणि तिथल्या जिवाणूंमुळे त्याचा रंग बदलतो. शौचाला नेहमीचा तपकिरी रंग येतो तो यामुळेच.

एवढं लक्षात राहिलं तर घरीच बराच अंदाज बांधता येतो. रक्तपेशी भराभर मोडत असतील तर न विरघळणारं बिलिरुबिन साचतं. डोळे पिवळसर होतात, पण त्या बिलिरुबिनमुळे लघवी गडद होत नाही. लिव्हरला सूज असेल किंवा नळी तुंबली असेल, तर तयार झालेलं विरघळणारं बिलिरुबिन रक्तात परत येतं आणि किडनीतून बाहेर पडतं. मग लघवी बिनदुधाच्या चहासारखी दिसते, तिचा फेससुद्धा पिवळा असतो. कमी पाणी प्यायल्यानेही लघवी गडद होते, पण भरपूर पाणी प्यायलं की ती फिकी पडते. काविळीतला रंग असा सहज जात नाही. आणि पित्त आतड्यात पोचतच नसेल तर शौचाचा रंग जातो, ती शाडूच्या मातीसारखी फिकट होते.

डोळे मात्र खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली काही कळत नाही. गाजर किंवा पपई खूप खाल्ली तर तळहात पिवळे होतात, पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो.

आता रिपोर्टकडे वळू. उदाहरणादाखल होस्टेलमध्ये राहणारा 21 वर्षांचा मुलगा घ्या. चार-पाच दिवस अंग गळून गेलंय, अन्नाचा वास नको वाटतो, थोडा ताप येऊन गेला. मग लघवी गडद झाली आणि त्यानंतर डोळे पिवळे. रिपोर्टमध्ये बिलिरुबिन 8 (साधारण 1.2 पर्यंत ठीक) आणि एसजीपीटी 1800, म्हणजे नेहमीच्या कितीतरी पट. लिव्हरच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी रक्तात सांडतं, म्हणून ही लिव्हरची कावीळ. अशा वयात ती बहुतेक वेळा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आलेल्या हिपॅटायटीस ए किंवा ई विषाणूची असते आणि काही आठवड्यांत शरीर ती स्वतःच बरी करतं. (म्हणूनच गाड्यावरचा, कुठल्याशा बर्फाचा उसाचा रस हा मला फार विचित्र उपाय वाटतो.)

माळेचं नाव होतं ते याच रुग्णांमुळे. माळेतल्या वनस्पतीच्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबत जाते. त्याच काळात कावीळही उतरत असते, ती माळेशिवायही उतरली असती.

पण तीच माळ 56 वर्षांच्या एखाद्या काकूंच्या गळ्यात घातली तर? समजा, त्यांना डोळे पिवळे होण्याआधीपासून अंगाला खाज सुटतेय, रात्री तळहात-तळपायांना जास्तच. मेडिकलवाल्याने ॲलर्जीची गोळी दिली. मग लघवी गडद, शौचाला फिकट. माळ घालून तीन आठवडे गेले, खाज वाढतच गेली. शेवटी तपासणी झाली. बिलिरुबिन 9.6, त्यातलं ‘डायरेक्ट’ म्हणजे विरघळणारं 7.8. एसजीपीटी जेमतेम 110, पण अल्कलाइन फॉस्फेटेज 640. लिव्हरच्या पेशींना फार इजा नाही आणि नळीशी संबंधित आकडा चढलेला, म्हणजे अडथळा पुढे आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि पित्तनलिका 12 मिलिमीटर फुगलेली. साधारण 6 पर्यंत असते. पित्ताशयातला एक खडा घसरून नळीत अडकला होता.

यावर उपाय म्हणजे ईआरसीपी. तोंडातून दुर्बीण घालून, पोट न कापता, नळीचं तोंड मोठं करून खडा काढतात. पित्त वाहू लागलं की खाज आणि पिवळेपणा हळूहळू ओसरतो. नंतर पित्ताशय काढावं लागतं, नाहीतर पुढचा खडा तयारच असतो. अशा रुग्णाला थंडी वाजून ताप आला तर तुंबलेल्या पित्तात जंतू शिरलेले असू शकतात. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. आणि पोटदुखी नाही, खडा नाही, पण वजन घटतंय आणि कावीळ वाढतेय, तर स्वादुपिंडात गाठ नाही ना हे सीटी स्कॅनने पाहावंच लागतं. इथे गेलेले तीन आठवडे फार महाग पडू शकतात.

रक्ताच्या काविळीत थकवाही वेगळा असतो. रक्त कमी झाल्यामुळे दोन जिने चढले तरी धाप लागते, चेहरा फिकट पडतो. बिलिरुबिन फार नसतं, समजा 3.2, पण डायरेक्ट फक्त 0.4 आणि हिमोग्लोबिन 8. काही जणांमध्ये, विशेषतः मुलग्यांमध्ये, जी6पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. त्यांना ठरावीक औषधांनंतर पेशी एकदम फुटून कोलासारखी लघवी होऊ शकते. तो रंग बिलिरुबिनचा नसतो, फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनचा असतो. तिथेही लगेच हॉस्पिटल. उलट, हिमोग्लोबिन आणि बाकी सगळे आकडे ठीक असून उपवासात डोळे किंचित पिवळे होत असतील तर तो बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम. तो जन्मतःच असतो आणि निरुपद्रवी असतो.

शेवटी त्या होस्टेलच्या मुलाच्या रिपोर्टकडे परत येऊ, कारण तिथे एक आकडा फसवतो. एसजीपीटी 1800 वरून 300 वर आलं की घरचे खूश होतात. बिलिरुबिनही उतरत असेल आणि भूक लागत असेल तर खुशी बरोबर आहे. पण बिलिरुबिन चढतंय आणि पीटी-आयएनआर (साधारण 1 असतो) वाढून 2 झालाय, तर एसजीपीटी उतरलं ते पेशीच संपत आल्यामुळे असू शकतं. रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं, म्हणून त्याची खरी ताकद आयएनआरमध्ये कळते. तुंबलेल्या नळीतही आयएनआर वाढतो, पण तिथे व्हिटॅमिन के शोषलं जात नसतं, त्याचं इंजेक्शन दिलं की आकडा सुधारतो. लिव्हर थकलं असेल तर सुधारत नाही. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो किंवा हिरड्यांतून रक्त येतं, तर रिपोर्टचीही वाट पाहू नका. गरोदर बाई असेल, त्यातही शेवटचे तीन महिने, तर हिपॅटायटीस ई जिवावर बेतू शकतो. तिला डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्या.