उकिडवे बसण्याचा सल्ला देण्यापूर्वी घोटा तपासावा

मलबद्धतेच्या रुग्णास भारतीय पद्धतीच्या शौचकूपाचा किंवा मलासनाचा सल्ला देणे ही आपल्या व्यवसायातील नित्याची बाब आहे. रुग्ण घरी जाऊन तसे बसू पाहतो आणि दुसऱ्या भेटीत सांगतो की टाचा उचलल्या जातात, तोल मागे जातो, किंवा एवढे पुढे वाकावे लागते की गुडघे आणि कंबर दोन्ही दुखतात. यावर आपले उत्तर बहुधा ठरलेले असते : सवय नाही, सांधे जखडले आहेत, तेल लावा. प्रस्तुत लेखकाच्या मते हे उत्तर अपुरे आहे. अशा तक्रारीचे मूळ अनेकदा गुडघ्यात वा कंबरेत नसून गुल्फसंधीत असते, आणि ते दोन मिनिटांत तपासता येते.

उकिडवे बसताना नेमके काय घडते ते प्रथम पाहू. शरीराचा भार तळपायाच्या सीमेच्या आत राहिला तरच तोल राहतो. नितंब खाली येताना मागे सरकतात, म्हणून गुडघे पुढे जाणे आवश्यक ठरते. गुडघे पुढे जाण्यासाठी नडगी पावलावर पुढे झुकली पाहिजे. घोट्याच्या या हालचालीस अर्वाचीन शास्त्रात डॉर्सिफ्लेक्शन म्हणतात. टाचा टेकवून पूर्ण खाली बसण्यास भार दिलेल्या अवस्थेत ही हालचाल साधारण ३५ ते ४० अंश लागते.

समजा, नडगी ४० सेंटिमीटर आणि मांडी ४२ सेंटिमीटर लांब आहे, व मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत आपण खाली आलो आहोत. नडगी ३५ अंश झुकली तर गुडघा घोट्याच्या सुमारे २३ सेंटिमीटर पुढे जातो आणि खुबा घोट्यामागे १९ सेंटिमीटर राहतो. नडगी २० अंशांवरच अडली तर गुडघा जेमतेम १४ सेंटिमीटर पुढे जातो आणि खुबा २८ सेंटिमीटर मागे पडतो. हे जादा ९ सेंटिमीटर भरून काढण्याचे मार्ग मोजकेच आहेत. एक तर धड पुढे झुकवावे, नाही तर टाच उचलून नडगीला हवा तेवढा कल द्यावा. तिसरा चोरटा मार्ग म्हणजे पावलाची कमान खचवून गुडघा आत वळवणे. यांपैकी काहीच केले नाही तर माणूस मागे पडतो. टाच उचलणे किंवा धड झुकणे हा म्हणूनच आळस नव्हे, ती शरीराने केलेली तडजोड आहे. तालमीतील बैठकांत तर टाच उचलणे हा पद्धतीचाच भाग असतो, त्यास दोष म्हणता येत नाही.

तपासणी सोपी आहे. रुग्णास अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभे करावे. पाऊल भिंतीशी काटकोनात ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगावे. टेकला तर पाऊल थोडे मागे घ्यावे. टाच टेकलेली असताना गुडघा भिंतीला लागण्याची जी शेवटची जागा, तेथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजपट्टीने मोजावे. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत जावा आणि कमान खचू नये, एवढे पाहावे. सुमारे १० सेंटिमीटर अंतर सामान्य समजता येईल. ते बरेच कमी असेल, किंवा दोन पायांत २ सेंटिमीटरहून अधिक फरक असेल, तर घोट्याकडे लक्ष द्यावे.

यानंतर एकच प्रश्न विचारावा : ओढ कोठे जाणवते? मागे पोटरीत किंवा टाचेच्या कंडरेत ताण जाणवत असेल, तर अडथळा मऊ ऊतींचा आहे. घोट्याच्या पुढच्या बाजूस चिमटा बसल्यासारखे वाटत असेल, तर अडथळा सांध्यातच असण्याचा संभव अधिक. जुना मुरगळा, अस्थिभंग किंवा पुढच्या कडेला वाढलेले हाड अशी त्याची कारणे असतात. या दोहोंची चिकित्सा भिन्न आहे, आणि नेमका हा भेद आपल्याकडून दुर्लक्षिला जातो.

अनेक रुग्णांवरून बेतलेले एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. चोपन्न वर्षांच्या एका शिक्षिकेचा डावा गुडघा दुखतो. तिने सहा महिने तेल लावले, तात्पुरता आराम पडला. भिंतीची चाचणी घेता डावीकडे १० आणि उजवीकडे ५ सेंटिमीटर अंतर आले. उजव्या घोट्याचे हाड बारा वर्षांपूर्वी मोडले होते, हे तिने विचारल्यावर सांगितले. खाली बसताना उजवी टाच उचलली जात होती आणि भार डाव्या पायावर पडत होता. टाचांखाली अडीच सेंटिमीटर जाडीची फळी ठेवताच ती सरळ बसली व डाव्या गुडघ्याची कळ कमी झाली. फळीने सुधारणा झाली, म्हणजे दोष घोट्यात होता. फळी ठेवूनही धड तितकेच झुकले असते, तर खुबा, पाठ किंवा मांडीच्या हाडाची मूळची लांबी यांचा विचार करावा लागला असता. मांडी लांब असणाऱ्यास निरोगी घोटा असूनही अधिक झुकावे लागते, त्यावर औषध नाही.

या शिक्षिकेस उजवीकडे पुढे चिमटा जाणवत होता. अशा ठिकाणी ताण देण्याचा हट्ट धरला तर दुखणे वाढते. तिच्यासाठी फळी हाच कायमचा उपाय, आणि तो कमीपणाचा मानण्याचे कारण नाही. ओढ पोटरीत असती तर गुडघा वाकवून ताण द्यावा लागला असता. पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वर जोडलेला असतो. गुडघा वाकताच तो सैल पडतो, आणि खालचा खोल स्नायूच अडथळा करतो. म्हणून पाय सरळ ठेवून केलेल्या ताणाचा येथे फारसा उपयोग नाही. भिंतीसमोर टाच टेकवून, गुडघा वाकवून तीस सेकंद, चार-पाच वेळा, रोज, असे सहा ते आठ आठवडे करावे आणि दर पंधरा दिवसांनी अंतर मोजून नोंदवावे. वाढ काही अंशांचीच होते, हे रुग्णास आधीच सांगावे.

अभ्यंग व स्वेदन यांचे स्थान येथे ताणाआधीचे आहे. त्यांनी ताण सुसह्य होतो. परंतु केवळ तेलाने घोट्याची मर्यादा पुढे सरकते, असे मानणे योग्य नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी असल्यास स्वेदनाने भाजण्याचा धोका असतो. घोटा सुजलेला व गरम असेल, किंवा पायात नव्याने ताठरपणा वा अशक्तता आली असेल, तर ताण न देता रुग्णास पुढील तपासणीसाठी पाठवावे.

औषधालयाच्या मालकांनाही एक विनंती. खाली बसता येत नाही म्हणून गुडघ्याचे तेल मागणाऱ्या ग्राहकास, जुन्या मुरगळ्याविषयी विचारून वैद्याकडे पाठवावे. तेलाची बाटली नंतरही विकता येते. आणि वैद्यबंधूंनी मलासनाचा सल्ला लिहिताना चिठ्ठीवर दोन्ही पायांचे सेंटिमीटर लिहावेत, एवढेच सुचवावेसे वाटते.