आठ रुपयांची घासाघीस

प्रेसवाल्याने कपड्यामागे एक रुपया वाढवला की नागपूरच्या कोणत्याही ले-आउटमध्ये आठवडाभर तोच विषय असतो. "सातचे आठ झाले, आता दहा मागतो" अशी तक्रार फाटकाफाटकांत ऐकू येते. त्याच घरांतून ड्रायक्लीनरचे तेराशे रुपयांचे बिल मात्र मुकाट्याने भरले जाते. घासाघीस चुकीच्या दारात चालली आहे, असे माझे मत आहे. घरातल्या कपड्यांचा महिन्याचा हिशेब एकदा कागदावर मांडला की ते स्पष्ट दिसते.

चौघांचे घर घेऊ. नवरा-बायको दोघे नोकरीला, दोन मुले शाळेत. घरात सात किलोचे, वरून कपडे टाकायचे ऑटोमॅटिक मशीन आहे आणि ते महिन्यात वीस वेळा चालते. खालचे दर मी हिशेबासाठी धरले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपापल्या मोहल्ल्यातले घालावेत, कारण धरमपेठेत आणि मानेवाड्यात एकच दर नसतो.

थंड पाण्याने एकदा धुवायला अशा मशीनला साधारण पाव युनिट वीज लागते. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. शंभर युनिटांपुढचे युनिट सगळे आकार धरून बारा रुपयांना पडते असे मानले, तर हे तीन रुपये झाले. पाणी सव्वाशे लिटरच्या आत. महापालिकेच्या नळाचा दर हजार लिटरला दहा रुपये धरला, तर जेमतेम सव्वा रुपया. खरा खर्च पावडरचा आहे. सत्तर ग्रॅम पावडर म्हणजे जवळपास दहा रुपये. एका धुण्याचे चौदा, वीस धुण्यांचे २८० रुपये. अठरा हजारांचे मशीन आठ वर्षे चालले तर महिन्याला १८७ रुपये त्याच्या झिजेचे, आणि दुरुस्तीचे पन्नास. म्हणजे सगळे मिळून ५२० रुपयांच्या आसपास. एवढ्यात महिन्याला चारशे कपडे धुऊन निघतात, कपड्यामागे सव्वा-दीड रुपया. येथे वाचवण्यासारखे फारसे काही नाही. "वीज खाते" म्हणून मशीन बंद ठेवून हाताने धुणाऱ्यांनी विजेचे महिन्याचे साठ रुपये आणि आपली कंबर दोन्ही ताडून पाहावे.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांचा हिशेब मात्र थोडा वेगळा आहे. शहराच्या कडेच्या, बेसा-हुडकेश्वरकडच्या काही वस्त्यांत अजून बोअरवर काम चालते आणि ते पाणी जड असते. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून चोथा करतात, म्हणून फेस येत नाही आणि माणूस पावडर वाढवत जातो. ओळखायला सोपे आहे. बाटलीत पाणी घेऊन साध्या साबणाचा तुकडा टाकावा आणि हलवावे. फेसाऐवजी पांढरट गढूळ साय आली, तर पाणी जड. अशा घरात पावडरचे महिन्याला ऐंशी-शंभर रुपये जास्त जातात, पांढरे कपडे वर्षभरात करडे दिसू लागतात आणि मशीनच्या आत क्षार साचतात. दोन महिन्यांतून एकदा लिंबूसत्त्व टाकून रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवले की क्षार निघतात. मशीनमध्ये गरम पाण्याची सोय नसेल, तर पाणी वेगळे तापवून ओतावे.

आता इस्त्री. या घरातून प्रेसवाल्याकडे महिन्याला १८० कपडे जातात. आठ रुपयांनी १,४४० होतात. धुण्याच्या जवळपास तिप्पट ही रक्कम आहे, म्हणून डोळ्यांत भरते. पण गाठोडे सोडून पाहिले तर त्यात काय निघते? कार्यालयाचे शर्ट २४, पँट १२, कुर्ते २४, दोन मुलांच्या गणवेशाचे वरचे कपडे ४८ आणि खालचे २४. एवढे १३२ कपडे खरोखर इस्त्रीचे. उरलेल्या ४८ मध्ये उशांचे अभ्रे, घरी घालायचे टी-शर्ट, रात्रीचे कपडे, ओढण्या. या कपड्यांच्या सुरकुत्या दोरीवरच घालवता येतात. फिरवण्याचा वेग कमी ठेवायचा, मशीन थांबल्यावर कपडे ड्रममध्ये तासभर पडू द्यायचे नाहीत, काढताना जोरात झटकायचे आणि शर्टासारखे कपडे हँगरवर वाळवायचे. एप्रिल-मे महिन्यात नागपूरचे ऊन सुती कपडा तासाभरात वाळवते. पिळलेला कपडा तसाच टाकला, तर सुरकुती त्याच तासात पक्की होते. रंगीत कपडे त्या उन्हात उलटे करून टाकावेत, नाहीतर खांद्याकडून रंग उडतो.

"मग सगळीच इस्त्री घरी का नाही?" हा प्रश्न येतोच. १३२ कपडे, कपड्याला चार मिनिटे, म्हणजे जवळजवळ नऊ तास. हजार वॅटची इस्त्री सतत तापत नाही. तापली की बंद पडते, निवली की पुन्हा चालू होते, म्हणून तासाला साधारण अर्धेच युनिट जाते. नऊ तासांची वीज फार तर पंचावन्न रुपयांची. प्रेसवाल्याचे १,०५६ रुपये वाचले, विजेचे पंचावन्न गेले, हाती हजार राहिले. तासाला एकशे दहा-पंधरा रुपये. हे पैसे खोटे नाहीत, ज्या घराला त्यांची गरज आहे त्याने ते जरूर वाचवावेत. फक्त ते नऊ तास कोणाचे, हे आधी ठरवावे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८. नोकरी करून आलेल्या बाईच्या रविवारावर आणखी नऊ तास टाकून केलेल्या बचतीला मी बचत म्हणणार नाही. घरातले चौघे आपापले कपडे प्रेस करणार असतील तर गोष्ट निराळी. नववीतल्या मुलाला आपला गणवेश इस्त्री करता आलाच पाहिजे.

राहिले ड्रायक्लीनिंग, आणि सगळ्यात मोठी गळती येथे आहे. या घरातून महिन्याला सात कपडे जातात: दोन रेशमी साड्या अडीचशेने, एक ब्लेझर तीनशेला आणि "चांगले" चार शर्ट ऐंशीने. ११२० रुपये, त्यावर मोठ्या दुकानाचा अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १,३२० रुपये. चारशे कपडे धुवायला ५२० आणि सात कपड्यांना १,३२०.

ड्रायक्लीनिंग कोरडे नसते. त्यात पाण्याऐवजी द्रावक वापरतात. आपल्याकडे ते बहुधा पेट्रोलियमपासून केलेले असते, म्हणून जुनी माणसे त्याला पेट्रोल वॉश म्हणतात, किंवा पर्क्लोरोएथिलीन असते. हे द्रावक तेल आणि तूप उत्तम विरघळवते. रेशीम आणि लोकर पाण्यात फुगतात, आटतात, जर काळी पडू शकते, त्यांना ते जपते. पण घामातले मीठ आणि सरबतातली साखर त्यात विरघळत नाही, ती पाण्यातच विरघळते. म्हणून मे महिन्यात घामाने भिजलेला सुती शर्ट ड्रायक्लीनला देणे म्हणजे पैसे देऊन मीठ कपड्यातच ठेवणे. काही दिवसांनी काखेत आणि कॉलरवर पिवळेपणा येतो आणि दोष कपड्याला लागतो. संत्र्याच्या रसाचेही तसेच. वाळल्यावर डाग दिसत नाही, कपडा स्वच्छ वाटतो, आणि इस्त्रीची उष्णता लागली की साखर करपून तपकिरी ठिपका उमटतो. ड्रायक्लीनरकडे कपडा देताना "येथे रस सांडला होता" असे बोट ठेवून सांगावे. चांगला कारागीर तेवढी जागा आधी पाण्याने काढून घेतो.

कपड्याच्या आतल्या पट्टीवर फुली न मारलेले टबाचे चिन्ह असेल तर तो घरी धुता येतो. नुसते वर्तुळ, किंवा त्यात पी वा एफ अक्षर असेल तरच द्रावकाचा विचार करावा. कपडा परत आला आणि उग्र वास येत असेल, तर द्रावक पुरते निघालेले नाही. प्लॅस्टिक काढून तो दिवसभर गॅलरीत सावलीत टांगावा, तसाच कपाटात ठेवू नये. पर्क्लोरोएथिलीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुधा कर्करोगकारक गटात घातले आहे आणि अमेरिकेने २०२४ च्या डिसेंबरमध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवण्याचा नियम केला. पांढरा कपडा करडा होऊन आला, तर तेच द्रावक न गाळता पुन्हा पुन्हा वापरले जात असल्याची शंका घ्यावी आणि दुकान बदलावे.

या घराने चार शर्ट मशीनमध्ये टाकावेत आणि प्रेसला द्यावेत. लग्नाला तीन तास नेसलेली साडी लगेच धुवायला देऊ नये. सावलीत वारा देऊन, घडी बदलून ठेवावी आणि तीन-चार वेळा नेसल्यावर द्यावी. महिन्याला सरासरी एक साडी पुरते. नागपुरात ब्लेझर लागतो तो डिसेंबर-जानेवारीत आणि लग्नसराईत. ब्रशने झाडून टांगला, तर वर्षातून दोनदा दिला की झाले. अशाने ड्रायक्लीनिंग महिन्याला साडेतीनशेवर येते.

पूर्वी धुणे, इस्त्री आणि ड्रायक्लीनिंग मिळून ३,२८० रुपये जात होते. आता धुण्याचे ५२५, इस्त्रीच्या १३६ कपड्यांचे १,०८८ आणि ड्रायक्लीनिंगचे साडेतीनशे, म्हणजे १,९७० च्या आसपास. तेराशे रुपये वाचले, आणि त्यातला एकही रुपया प्रेसवाल्याच्या दरातून आलेला नाही. त्याला आठऐवजी दहा दिले, तरी महिन्याला फक्त २७२ रुपये वाढतात आणि घराकडे हजार रुपये उरतातच.

पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पत्र्याच्या टपरीत कोळशाची पितळी इस्त्री ओढणाऱ्याला हे दोन रुपये या महिन्यापासून द्यावेत. पावसाळ्यात अर्धे ओले कपडे त्याच्याकडे पाठवू नयेत, कारण ते वाळवायला त्याचा कोळसा जळतो आणि दर तोच राहतो. गाठोड्यातले चाळीस-पन्नास कपडे कमी झाल्याने त्याचे काम कमी होते, हेही खरे आहे. दोन रुपयांच्या वाढीने त्यातले बरेच भरून निघते: १८० कपड्यांचे त्याला १,४४० मिळत होते, १३६ कपड्यांचे १,३६० मिळतील, आणि चव्वेचाळीस कपड्यांची उभ्याने करायची मेहनत वाचेल.