दोन ओळींची ईमेल

हिंजवडीच्या पलीकडे कासारसाईच्या बाजूला नेरे हे गाव आहे. तेथे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहू लागल्या, तशी बांधकाम साहित्याची दुकानेही वाढली. प्लायवूड आणि दारांच्या अशाच एका पेढीची ही हकिगत.

दोन इमारतींच्या एका संकुलातील पहिल्या इमारतीसाठी २५२ फ्लश दारे हवी होती. पेढीने प्रत्येकी २,४०० रुपयांचा दर दिला. खरेदी अधिकाऱ्याने तोंडी सांगितले, “माल तुमच्याकडूनच घेऊ.” त्या शब्दावर शेठजींनी ४० दारे मापाप्रमाणे कापून घेतली. प्रत्यक्षात मागणी गेली दुसऱ्याकडे, कारण त्याचा दर ८० रुपयांनी कमी होता. एकूण फरक वीस हजारांच्या आसपास. पण आडमापाची ४० दारे गोदामात पडून राहिली.

पुढील दोन महिन्यांत पेढीने तीन ईमेल पाठवल्या. प्रत्येकीत दरपत्रक, मालाची माहितीपुस्तिका आणि शेवटी थोडी तक्रार. एकीचेही उत्तर आले नाही. मग वर्षभर दोन्हीकडे शांतता.

एके दिवशी त्या बांधकामावरून जाताना मुलाच्या लक्षात आले, की दुसऱ्या इमारतीच्या चौथ्या मजल्यापर्यंत आतले प्लास्टर झाले आहे. चौकटी विटकामाबरोबर बसतात, पण दारे प्लास्टर वाळल्यावरच आणतात. ओलाव्यात आणली तर ती फुगतात. म्हणजे खरेदीची वेळ जवळ आली होती. शिवाय दोन्ही इमारतींचा नकाशा एकच, म्हणून दारांचे मापही तेच.

शेठजी म्हणाले, “ज्यांनी शब्द पाळला नाही, त्यांच्या दारी पुन्हा कशाला जायचे?”

“पप्पा, आपण मागायला जात नाही. फक्त विचारू या,” मुलगा म्हणाला.

त्याने नवे पत्र न लिहिता गेल्या वर्षीच्या दरपत्रकाच्या ईमेललाच उत्तर जोडले, म्हणजे जुना सगळा संदर्भ खाली आपोआप दिसावा. मजकूर एवढाच होता:

“नमस्कार. दुसऱ्या इमारतीच्या दारांची खरेदी अजून व्हायची आहे का?
झाली असल्यास तेवढेच कळवावे, म्हणजे आम्ही ही फाईल बंद करू.”

त्यात ना सवलत होती, ना गाऱ्हाणे. पहिल्या ओळीचे उत्तर एका शब्दात देता येत होते. दुसऱ्या ओळीने ‘नाही’ म्हणण्याचा संकोच काढून घेतला. घरखरेदीच्या व्यवसायात विपणनतज्ज्ञ डीन जॅक्सन यांची ‘नऊ शब्दांची ईमेल’ याच कारणाने गाजली: जुन्या ग्राहकाला तुम्ही अजून घर शोधत आहात का, एवढेच विचारायचे. पूर्वी एफबीआयमध्ये वाटाघाटी करणारे ख्रिस व्हॉस यांनीही २०१६ च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे, की नकार देण्याची मोकळीक मिळाली की माणूस बोलू लागतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आले. खरेदी व्हायची होती. पहिल्या इमारतीची काही दारे पावसाळ्यात फुगली होती. अधिकाऱ्याने पुढे लिहिले होते, की गेल्या वर्षी तुमची अडचण केली, म्हणून फोन करायला संकोच वाटत होता. शेठजी ज्याला तिरस्कार समजत होते, तो समोरच्याचा ओशाळेपणा होता.

खरी कसोटी यानंतर होती. खाली जुने दरपत्रक जोडलेले असल्याने अधिकाऱ्याने तोच दर मागितला. पण त्यावर १५ दिवसांची मुदत स्पष्ट छापलेली होती आणि दरम्यान मालाचा खर्च वाढला होता. शेठजींनी गोदामातील दारे तपासली. समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी ताणून पाहिल्यावर तीन दारे वाकलेली आढळली. ती बाजूला काढली. उरलेली ३७ दारे जुन्या खर्चात तयार झालेली, म्हणून त्यांना जुना २,४०० चा दर लावला. नव्या २१५ दारांना २,५२० चा. करापूर्वीची रक्कम ६,३०,६०० रुपये झाली. या वेळी लेखी मागणीपत्र आणि आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय एकही दार कापायचे नाही, ही अट घातली आणि ती मान्य झाली.

ही युक्ती सर्वत्र लागू पडत नाही. पूर्वी खरी बोलणी झालेली असली पाहिजे. एकाच वेळी शंभर जणांना पाठवलेले असे पत्र जाहिरात ठरते. ईमेल परत आली, तर अधिकारी बदलला असावा असे समजून संस्थेकडे चौकशी करावी. आणि उत्तर आलेच नाही, तर लिहिल्याप्रमाणे फाईल खरोखर बंद करावी. पुन्हा तेच पत्र पाठवले, तर दुसऱ्या ओळीतला शब्द खोटा ठरतो.

महिनाभरात ती ३७ दारे गोदामातून बाहेर पडली. वाकलेली तीन मात्र शेठजींनी गोदामाच्या भिंतीला तशीच टेकवून ठेवली आहेत. तोंडी शब्दावर माल कापू या, असे कोणी म्हणाले की ते तिकडे बोट दाखवतात.