शून्यता म्हणजे काहीच नाही? मग आधी नागार्जुनाचे म्हणणे तुमच्या शब्दांत लिहून दाखवा

मागच्या महिन्यात आमच्या विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात एक तरुण कार्यकर्ता चिडलेला आला. कॉलेजात कुणीतरी त्याला चारचौघांत विचारले होते, "तुमचे बौद्ध तत्त्वज्ञान म्हणते की सगळे शून्य आहे. मग तुमचे दुःखही शून्य, अन्यायही शून्य. मोर्चे कशाला काढता?" ह्याच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून तो म्हणाला, "नागार्जुन हा ब्राह्मणी घुसखोर असणार, त्याला सोडून देऊ." दुसरा लगेच उठला, "नाही, नागार्जुनाने तर जात मुळापासून उखडून टाकली!" मी दोघांनाही एकच विचारले, कुठल्या कारिकेत? कुठल्या कारणाने? दोघेही गप्प.

मित्रांनो, आपल्या चळवळीची ही जुनी सवय आहे. अवघड ग्रंथ आपण एक तर डोक्यावर घेतो, नाही तर फेकून देतो. त्यात युक्तिवाद काय आहे ते कागदावर मांडत नाही. त्या रविवारी आम्ही तेच केले आणि जे हाती आले ते इथे मांडतो आहे. माझे मत स्पष्ट आहे. ज्याला लेखकाची आधारविधाने आणि निष्कर्ष साध्या मराठीत लिहून दाखवता येत नाहीत, त्याला त्या ग्रंथाच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्याचा अधिकार नाही.

आम्ही नागार्जुनाच्या मूलमध्यमककारिकेचे 24 वे प्रकरण घेतले. त्याचे नाव आर्यसत्यपरीक्षा, कारिका 40. वहीच्या पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात "कोण बोलतो", दुसऱ्यात "कशाच्या आधारावर" आणि तिसऱ्यात "म्हणून काय".

पहिल्या रकान्यातच धक्का बसला. पहिल्या सहा कारिका नागार्जुनाच्या मताच्या नाहीतच. तो तिथे विरोधकाला बोलू देतो. जुन्या शास्त्रग्रंथांची ही रीतच आहे, आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तर. पण कारिकेवर "हे विरोधकाचे" अशी पाटी लावलेली नसते. म्हणून पुष्कळ लोक पूर्वपक्षातले वाक्य उचलतात आणि नागार्जुनाच्या नावावर खपवतात. सातव्या कारिकेत "तुला शून्यतेचे प्रयोजन आणि अर्थ कळलेला नाही" अशा आशयाचे उत्तर येते, तेव्हा कळते की आतापर्यंत दुसराच कुणी बोलत होता. तेव्हा पहिला रकाना भरल्याशिवाय पुढे जायचे नाही.

मग विरोधकाचे म्हणणे आम्ही आमच्या शब्दांत लिहिले:

1. तुम्ही म्हणता, सगळे शून्य आहे.
2. जे शून्य आहे त्यात काही उपजत नाही आणि काही संपत नाही.
3. चार आर्यसत्ये म्हणजे दुःख, त्याचे उपजणे, त्याचे संपणे आणि संपवण्याचा मार्ग.
4. म्हणून तुमच्या मते चार आर्यसत्ये उरत नाहीत.

तो इथे थांबत नाही. आर्यसत्ये नाहीत तर साधनेची फळे नाहीत, फळ मिळवणारे नाहीत म्हणून संघ नाही, सत्ये नाहीत म्हणून धम्म नाही, आणि संघ व धम्म नसेल तर बुद्ध तरी कुठून येणार? शेवटी तो म्हणतो की रोजचा लोकव्यवहारही कोसळेल.

हे लिहून झाले तेव्हा तो तरुण म्हणाला, "सर, कॉलेजातल्या पोराने मला हेच विचारले!" बरोबर. त्या पोराचा प्रश्न सुमारे अठराशे वर्षे जुना आहे आणि नागार्जुनाने तो स्वतःच आपल्या ग्रंथात विरोधकाच्या तोंडी घालून ठेवला आहे. आपण वाचले नाही, म्हणून हरलो.

आता या मांडणीत भोक कुठे आहे? पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर जाताना एक पायरी गाळलेली आहे. अशी पायरी शोधायची सोपी पद्धत म्हणजे स्वतःला विचारायचे, "अजून कोणते वाक्य मध्ये घातले म्हणजे हे त्यातून निघेल?" इथे ते वाक्य असे: "शून्य म्हणजे अजिबात नसणे." विरोधक हे बोलत नाही, पण याच्याशिवाय त्याचा निष्कर्ष उभा राहत नाही. आम्ही ते वाक्य लाल शाईने लिहिले. न बोललेले आधारविधान नेहमी वेगळ्या रंगात लिहावे, नाही तर थोड्या वेळाने ते ग्रंथातलेच आहे असे आपल्यालाच वाटायला लागते.

सातव्या कारिकेत नागार्जुन "तुला कळले नाही" एवढेच म्हणतो. ते अजून कारण नव्हे. म्हणून तिथे आम्ही "कारण बाकी" असे लिहून पुढे सरकलो. मधल्या कारिकांत दोन सत्यांचा विचार आहे आणि चुकीच्या हाताने धरलेल्या सापाचे उदाहरण आहे, पण आमची बाकी वसूल झाली ती अठराव्या आणि एकोणिसाव्या कारिकेत. साध्या शब्दांत ते असे:

1. जे जे आहे ते दुसऱ्या कशावर तरी अवलंबून उपजते. यालाच प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात.
2. जे अवलंबून उपजते त्यालाच आम्ही शून्य म्हणतो.
3. म्हणून शून्य नाही असे काहीच नाही.

आता लाल शाईतले वाक्य पुन्हा बघा. विरोधकाचा "शून्य" म्हणजे नसलेले. नागार्जुनाचा "शून्य" म्हणजे स्वतःच्या बळावर न उभे असलेले, कारणांवर उभे असलेले. शब्द एक, अर्थ दोन. विरोधकाने पहिल्या विधानात नागार्जुनाचा शब्द घेतला आणि दुसऱ्या विधानात त्यात स्वतःचा अर्थ भरला. साध्या मराठीत लिहिल्याशिवाय ही चोरी पकडता येत नाही, कारण मूळ शब्द तसाच ठेवला की दोन्ही वाक्ये गुळगुळीत जुळतात. म्हणून आमच्या वर्गात नियम केला की तिसऱ्या रकान्यात "शून्य" हा शब्द लिहायचाच नाही. त्याच्या जागी पूर्ण वाक्य लिहायचे.

विसाव्या कारिकेपासून नागार्जुन डाव उलटवतो. पहिल्या कारिकेतलेच वाक्य तो जवळजवळ त्याच शब्दांत परत करतो, फक्त "शून्य"च्या जागी "अशून्य" घालतो: सगळे जर अशून्य असेल तर तुझीच चार आर्यसत्ये बुडतात. का? इथे आम्ही अडलो. दुसरा रकाना रिकामा राहिला, कारण लागणारे आधारविधान या प्रकरणात नीट मांडलेलेच नाही. ते नऊ प्रकरणे मागे, 15 व्या प्रकरणात आहे. तिथे स्वभाव म्हणजे काय ते सांगितले आहे: जो कुणी बनवलेला नाही आणि दुसऱ्या कशावर अवलंबून नाही, तो. हे विधान उचलून आणले आणि सगळे जुळले:

1. अशून्य म्हणजे स्वभाव असलेले. स्वभाव बनत नाही, अवलंबून नसतो आणि बदलत नाही.
2. दुःखाला असा स्वभाव असेल तर ते कुठल्याही कारणाने उपजलेले नसेल.
3. कारण नसेल तर कारण काढून ते संपवताही येणार नाही.
4. मार्गालाही असा स्वभाव असेल तर तो चालून घडवायचा, वाढवायचा उरत नाही.
5. म्हणून जो शून्यता नाकारतो, त्याच्याच हातून आर्यसत्ये जातात.

कॉलेजातल्या त्या प्रश्नाचे उत्तर आता त्या तरुणाने स्वतःच दिले: "दुःख शून्य आहे याचा अर्थ ते नाही असा नाही. ते कारणांवर उभे आहे असा आहे. कारणांवर उभे आहे, म्हणूनच मोर्चा काढता येतो." बाबासाहेबांनी 1957 साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात शून्यतेबद्दल हीच दिशा दाखवली आहे. शून्यता म्हणजे सर्वनाशवाद नव्हे, तिच्यामुळेच सगळे शक्य होते, असा त्यांचा आशय आहे. पण इथेही रकाने भरून बघा म्हणजे फरक दिसेल. बाबासाहेबांचा भर क्षणोक्षणी होणाऱ्या बदलावर आहे, नागार्जुनाचा अवलंबून असण्यावर. निष्कर्ष जवळचे आहेत, आधारविधाने वेगळी आहेत. दोघांना एकाच तोंडाने बोलायला लावले तर दोघांवरही अन्याय होतो.

आता दुसऱ्या मित्राकडे येतो, ज्याच्या मते नागार्जुनाने जात उखडली. या प्रकरणात जातीचा युक्तिवाद नाही. तो करायचा असेल तर एक आधारविधान आपल्याला आपल्या खिशातून घालावे लागेल: "वर्णाची कर्मे माणसाच्या स्वभावातून ठरतात असा दावा केला जातो." गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कर्मे स्वभावातून आलेल्या गुणांनी वाटली आहेत असा दावा खरोखर आहे. पण तिथला "स्वभाव" आणि नागार्जुनाचा "स्वभाव" एकच आहे का? गीतेतला स्वभाव गुणांशी बांधलेला आहे. नागार्जुनाचा स्वभाव कशावरच अवलंबून नाही. हे दाखवल्याशिवाय उडी मारली तर विरोधकाने "शून्य" शब्दाशी जी चलाखी केली, तीच आपण "स्वभाव" शब्दाशी केली. हा युक्तिवाद करा, जरूर करा. पण तो आपला म्हणून करा आणि मधली पायरी बांधून करा.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. मांडणी स्वच्छ झाली म्हणजे नागार्जुन जिंकला असे होत नाही. सर्वास्तिवादी बौद्ध म्हणतील, "आमच्या मते धर्माला स्वतःचा स्वभाव असतो आणि तो कारणांनी उपजतोही. स्वभावाची तुझी व्याख्या आम्हाला मान्य नाही." हा आक्षेप पाचव्या विधानाला लागत नाही, पहिल्यालाच लागतो. पुन्हा मांडून लिहिण्याचा उपयोग इतकाच, पण तो फार मोठा आहे: भांडण नेमके कुठल्या ओळीवर आहे ते कळते. ती ओळ खरी की खोटी, हा पुढचा अभ्यास.

आपली मांडणी बरोबर झाली की नाही हे ओळखायची एक कसोटी आम्ही ठरवली आहे. विरोधकाचे म्हणणे लिहिलेला कागद त्याच्या बाजूच्या माणसापुढे ठेवायचा. "हो, मला हेच म्हणायचे आहे" असे म्हणून तो खाली सही करेल का? करणार नसेल तर आपण त्याचा युक्तिवाद खोडलेला नाही, आपण बनवलेले बुजगावणे पाडले आहे. तो तरुण पुढच्या सोमवारी आपला कागद घेऊन कॉलेजात गेला. समोरच्याने विरोधकाच्या चार ओळी वाचल्या आणि मान डोलावली. मग लाल शाईतल्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे तर मी बोललोच नव्हतो." त्यावर आमचा पोरगा म्हणाला, "नाही बोललास. पण त्याच्याशिवाय तुझे पुढचे वाक्य येते कुठून, तेवढे सांग."

जय भीम!