बॅटरी कोणी बदलली?

इंझोरीहून लॅपटॉप दुरुस्तीला न्यायचा तर कारंजा गाठा, नाहीतर थेट अकोला. माझ्या पुतणीने तिचा लॅपटॉप अकोल्याच्या एका दुकानात दिला, चार्जिंगची पिन सैल झाली म्हणून. पिन नवी बसली. पण आधी चार तास चालणारा लॅपटॉप आता दीड तासात बंद पडू लागला. दुकानदाराचं उत्तर तयार होतं : “बॅटरी जुनी झाली ताई, आम्ही हातही लावला नाही.”

विंडोज बॅटरीच्या मोजमापाची नोंद तारखांसह ठेवतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ही एक ओळ टाकली की अहवाल तयार होतो :

```
powercfg /batteryreport
```

त्यात खाली Battery capacity history हा तक्ता असतो. FULL CHARGE CAPACITY म्हणजे बॅटरी आज पूर्ण भरल्यावर किती वीज साठवते, आणि DESIGN CAPACITY म्हणजे कारखान्यातून निघताना तिच्यावर नोंदलेली क्षमता. बॅटरी म्हातारी होते तेव्हा पहिला आकडा हळूहळू उतरतो, दुसरा सहसा तसाच राहतो. पुतणीच्या अहवालात दुकानात देण्याच्या आठवड्यापर्यंत दुसरा आकडा 41,040 होता. परत आल्यावर 31,080. झिजलेल्या बॅटरीचं हे लक्षण नाही. बॅटरीच बदलली असावी, असं मी मानतो.

तक्रारीला तिने हाच अहवाल जोडला, सोबत दुकानाची पावती. पावतीवर लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि तारीख होती, म्हणूनच अहवालातला बदल त्या दुकानाशी जोडता आला. पावतीवर फक्त ‘लॅपटॉप, 1 नग’ लिहिलेलं असतं, तर ते जमलं नसतं. मागचं झाकण मात्र तिने स्वतः उघडलं नाही, हे बरं केलं. उघडलं असतं, तर बॅटरी तिनेच बदलली असं म्हणायला दुकानदाराला वाव मिळाला असता.

या पुराव्याला मर्यादा आहेत. दुकानाने विंडोज नव्याने टाकलं असतं, तर जुना तक्ता पुसला गेला असता. नकली बॅटरी मूळचाच आकडा सांगू शकते, म्हणून आकडा जुळला तरी ती अस्सल असेलच असं नाही. म्हणून लॅपटॉप दुकानात देण्याआधीच अहवाल काढून पेनड्राइव्हवर ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

अकोल्याच्या दुकानाविरुद्ध अकोल्यालाच खेटे घालावे लागत नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, म्हणजे आपल्यासाठी वाशिम. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. पुतणीने तेच केलं आणि दुकानाला लेखी नोटीसही दिली. त्या नोटिशीत ‘फसवलं’ असं कुठेही लिहिलेलं नाही. फक्त दोन तारखा आणि त्यांच्यापुढचे दोन आकडे आहेत.